डोळ्यांखालचे हायड्रोजेल पॅच: डबीत काय असतं आणि गारवा किती वेळ टिकतो

साठ पॅचची डबी हातात घ्या आणि मागे छापलेलं निव्वळ वजन बघा. बऱ्याच डब्यांवर ८० ते ९० ग्रॅमच्या आसपासचा आकडा असतो. ९० धरला तर एका पॅचच्या वाट्याला दीड ग्रॅम येतो, आणि तोही भोवतीच्या चिकट द्रवासकट. गारवा किती वेळ टिकेल, याचं बरंचसं उत्तर या दीड ग्रॅममध्येच आहे. जाहिरात काहीही म्हणो, दीड ग्रॅम ओलं जेल किती थंडी साठवून ठेवणार?

मी रबाळे एमआयडीसीत सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे सोसायटीत कुणी नवी डबी आणली की ती फिरत फिरत माझ्याकडे येते. यावेळी ती प्राजक्ताने आणली. ऐरोलीच्या एका कंपनीत तिची रात्रपाळी असते. पहाटे घरी येऊन झोपते आणि दुपारी उठते तेव्हा डोळ्यांखाली फुगलेलं असतं. ती म्हणाली, "ताई, फ्रीजमधून काढून लावला की पहिल्यांदा एकदम मस्त वाटतं. पण चहा होईपर्यंत काहीच कळत नाही. डबी डुप्लिकेट आहे का?" डबी डुप्लिकेट नव्हती. तिच्या प्रश्नाचा छडा लावायला आम्ही जे जे केलं ते इथे क्रमाने देते, म्हणजे तुम्हालाही घरी करून बघता येईल.

पहिली पायरी: घटकांची यादी वरून खाली वाचा

यादीत आधी जे नाव येतं ते जास्त प्रमाणात असतं. हा क्रम एक टक्क्यापर्यंतच पाळावा लागतो. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कंपनी तिच्या मर्जीने पुढेमागे लिहू शकते. म्हणून यादीत एक खूण शोधायची. माझी आवडती खूण म्हणजे फिनॉक्सीइथेनॉल. हे बुरशी आणि जिवाणू रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह जास्तीत जास्त एक टक्का वापरायची पद्धत आहे. त्यामुळे त्याच्या नंतर जे लिहिलंय ते बहुधा एक टक्क्याच्या आतलंच. सगळ्याच डब्यांत ते नसतं, काहींमध्ये त्याच्या जागी १,२-हेक्सेनडायॉल असतं. पण ते ओलावा धरायलाही जास्त प्रमाणात घालतात, त्यामुळे त्याची खूण तितकी भरवशाची नाही.

प्राजक्ताच्या डबीवरची यादी साधारण अशी होती: पाणी, ग्लिसरिन, कॅरॅजीनन, लोकस्ट बीन गम, पोटॅशियम क्लोराइड, नायसिनामाइड, फिनॉक्सीइथेनॉल, कॅफिन, हायड्रोलाइज्ड कोलॅजेन, सोडियम हायलुरोनेट, मेंथिल लॅक्टेट, कोलॉयडल गोल्ड, सुगंध.

पहिली पाच नावं म्हणजे पॅचचं शरीर. कॅरॅजीनन समुद्री शेवाळातून काढतात. नुसत्या कॅरॅजीननचं जेल कडक होतं आणि वाकवलं की तुटतं. त्यात लोकस्ट बीन गम, म्हणजे कॅरोब झाडाच्या बियांचा डिंक, मिसळला की ते लवचिक होतं आणि गालावर नीट बसतं. पोटॅशियममुळे कॅरॅजीननच्या साखळ्या एकमेकींजवळ येतात आणि जाळी घट्ट होते. या जाळीत पाणी आणि ग्लिसरिन अडकून राहतं. सोनेरी, गुलाबी, काळा, कुठल्याही रंगाचा पॅच घेतलात तरी बहुतेक वेळा आत हेच किंवा याचंच भावंड असतं.

उरलेल्यांपैकी मी नायसिनामाइडला थोडा मान देते, कारण ते खुणेच्या वर आहे. त्याचे रेणू लहान असतात आणि ते त्वचेत शिरू शकतं. पण त्याचा परिणाम काही आठवडे रोज लावल्यावर दिसतो. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ठेवून त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. कोलॅजेनचं उलट आहे. त्वचेतून आत जायला रेणूचं वजन ढोबळमानाने ५०० डाल्टनच्या आत असावं लागतं. कॅफिन १९४ आणि नायसिनामाइड १२२, म्हणजे दोन्ही सहज बसतात. अखंड कोलॅजेन तीन लाखांच्या घरात जातं, आणि तुकडे केलेलंही सहसा हजारांत असतं. ते वरच राहतं, पाणी धरून ठेवतं आणि त्वचा काही तास मऊ दिसते. वाईट काहीच नाही, पण त्याने आतलं कोलॅजेन वाढत नाही. सोन्याबद्दल एवढंच सांगते की ते डबीच्या किमतीत उठून दिसतं, डोळ्यांखाली नाही.

दुसरी पायरी: थंडीचा हिशेब

डोळ्यांखालची त्वचा साधारण ३३ अंशांवर असते. ऑक्टोबरात ठाण्यात खोलीचं तापमान ३० धरा. बाहेर ठेवलेला पॅच लावला तर दोघांत फरक फक्त तीन अंशांचा. दीड ग्रॅम जेल तेवढं तापताना जेमतेम सतरा ज्यूल उष्णता शोषतं. तोच पॅच फ्रीजमधून आठ अंशांवर काढला तर फरक पंचवीस अंशांचा होतो आणि शोषलेली उष्णता १४० ज्यूलच्या आसपास जाते. म्हणजे आठपट. गारवा हवा असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवण्याला पर्याय नाही, इतकं तर स्पष्ट आहे.

पण १४० ज्यूल म्हणजे तरी किती? स्टीलचा पंचवीस ग्रॅमचा चमचा त्याच फ्रीजमधून काढला तर तो ३३ अंशांपर्यंत येताना तीनशेच्या वर ज्यूल घेतो. निव्वळ थंडीच्या हिशेबात घरातला चमचा पॅचच्या दुपटीहून सरस ठरतो आणि तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. मी हे सांगितलं तेव्हा प्राजक्ताचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चमचा वीस मिनिटं हाताने धरून बसावं लागतं, एवढाच पॅचचा फायदा.

आता वेळेचं बघू. पॅचची जाडी मिलिमीटर-दीड मिलिमीटर. इतक्या पातळ थरातून उष्णता काही सेकंदांत आरपार जाते. आठ अंशांचा पॅच ३३ अंशांच्या त्वचेला टेकतो तेव्हा दोघांच्या मधला थर क्षणात वीस अंशांच्या आसपास येतो. अंगावर काटा येतो तो याच क्षणी. पहिल्या मिनिटाच्या शेवटी पंचवीस अंशांच्या फरकातला जवळपास पाऊण भाग संपलेला असतो. पाच मिनिटांनी पॅच त्वचेपेक्षा दोन-तीन अंशांनीच थंड उरतो. खालून रक्त सतत उष्णता आणत असतं, त्यापुढे दीड ग्रॅम जेल टिकणार नाही.

शिवाय आपल्या त्वचेतले थंडी ओळखणारे मज्जातंतू स्थिर तापमानापेक्षा तापमानातल्या बदलाची बातमी जास्त जोरात देतात. बदल थांबला की ते शांत होतात. म्हणून प्राजक्ताला चहा होईपर्यंत काहीच जाणवत नव्हतं. पॅच अजून थोडा थंड होता, पण त्वचा आणखी थंड होत नव्हती.

तिसरी पायरी: खरा गारवा आणि भासाचा गारवा वेगळे करा

यादीत मेंथॉल किंवा मेंथिल लॅक्टेट असेल तर हिशेब बदलतो. त्वचेतल्या मज्जातंतूंवर टीआरपीएम८ नावाचं प्रथिन असतं, जे थंडी लागली की जागं होतं. मेंथॉल त्यालाच चिकटतं आणि तापमान तसूभरही न उतरता मेंदूला थंडीचा निरोप जातो. हे प्रथिन २००२ मध्ये सापडलं. स्पर्श आणि तापमानाची जाणीव कशी होते यावरच्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुशियन यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, त्या कामात याचाही वाटा होता. म्हणून एखादा पॅच दहा-पंधरा मिनिटांनीही गार वाटत असेल, तर आधी यादीत मेंथॉलचं कुळ शोधा. त्याने सूज उतरत नाही. डोळ्याजवळ ते झोंबू शकतं, आणि डोळ्यांतून पाणी आलं तर सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढतेही.

खरा, टिकणारा गारवा फक्त बाष्पीभवनातून येतो. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. पॅचमधून वीस मिनिटांत दशांश ग्रॅम पाणी उडालं तरी २४० ज्यूल झाले, म्हणजे फ्रीजमधल्या थंडीपेक्षा जास्त. फरक इतकाच की ते एकदम नाही, वीस मिनिटांत वाटून मिळतात. त्यामुळे काटा येत नाही, हलका गारवा राहतो. एसी आणि पंखा चालू असेल तर हे चांगलं होतं. जुलैत खिडक्या उघड्या ठेवून बसलात तर हवेतच इतका दमटपणा असतो की पॅच सुकायला बघतच नाही. त्यात ग्लिसरिन पाण्याला धरून ठेवतं, तो भाग वेगळा. पावसाळ्यात हाच पॅच कमी गार वाटतो ही तक्रार मी बऱ्याचदा ऐकते. त्यात दोष डबीचा नसून हवेचा असतो.

चौथी पायरी: घरी मोजून बघा

कोविडच्या काळात घेतलेलं कपाळावर धरायचं थर्मामीटर घरात असेल तर बाहेर काढा. त्याला दोन मोड असतात. शरीराच्या मोडमध्ये ते वाचलेल्या आकड्यात स्वतःची भर घालून ताप दाखवतं आणि तापमान कमी असेल तर आकडाच दाखवत नाही. पृष्ठभागाचा मोड लावा. लेझरचा ठिपका पडणारं स्वयंपाकघरातलं किंवा कारखान्यातलं यंत्र मात्र डोळ्याजवळ अजिबात वापरू नका.

पंख्यापासून दूर बसा. पॅच लावल्याबरोबर, एका मिनिटाने, मग पाच, दहा आणि वीस मिनिटांनी तीन-चार सेंटिमीटरवरून आकडा घ्या आणि लिहा. शेजारी गालाचाही आकडा घ्या, म्हणजे तुलना करता येते. यंत्र एखाद अंशाने चुकत असेल तरी चालेल, आपल्याला फरक किती वेगाने मिटतो एवढंच बघायचंय. दुसऱ्या दिवशी तेच पंख्याखाली करा. पहिल्या दिवशी फरक झपाट्याने मिटत जाईल, आणि दुसऱ्या दिवशी शेवटपर्यंत थोडा उरलेला दिसेल.

याच वेळी आणखी एक गोष्ट करून घ्या. दुसरा पॅच स्टीलच्या ताटलीवर ठेवा आणि तोही पंख्याखाली. वीस मिनिटांनी दोन्ही हातात घेऊन बघा. "पॅच पातळ झाला, म्हणजे सगळं सत्त्व त्वचेने शोषलं," असं बरेच जण सांगतात. ताटलीवरचा पॅचही पातळ होतो आणि कडेने वळतो. ताटलीने काही शोषलेलं नसतं. त्वचेची ऊब असल्यामुळे चेहऱ्यावरचा जरा जास्त सुकतो, आणि थोडा द्रव गालावर उरतो तो वेगळा.

पाचवी पायरी: सूज खरंच उतरली का

गारवा गेला तरी सूज उतरलेली राहू शकते, आणि या दोन गोष्टींची गल्लत सर्वात जास्त होते. थंडीने वरच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्वचा पुन्हा तापली की त्या मोकळ्या होतात, म्हणजे तो परिणाम गारव्याच्या थोडाच मागे संपतो. पण रात्रभर आडवं पडल्याने डोळ्यांखाली जमलेलं पाणी एकदा हललं की लगेच परत येत नाही. फक्त ते पाणी उठून उभं राहिल्यावर गुरुत्वाकर्षणानेही आपोआप खाली जातंच. मग पॅचचा वाटा किती?

यासाठी प्राजक्ताला मी एका डोळ्याचा प्रयोग सांगितला. डाव्या डोळ्याखाली फ्रीजमधला पॅच. उजव्या डोळ्याखाली फ्रीजमधल्या साध्या पाण्यात भिजवून पिळलेला कापूस, तेवढाच वेळ. एकाच खिडकीजवळ, फोन त्याच उंचीवर धरून फोटो काढायचे: उठल्याबरोबर, वीस मिनिटांनी, एक तासाने, तीन तासांनी. फोनमधलं चेहरा गुळगुळीत करणारं फिल्टर बंद. दुसऱ्या दिवशी बाजू बदलायची, कारण बहुतेकांचा एक डोळा मुळातच जास्त सुजतो. तिसऱ्या दिवशी काहीच लावायचं नाही, उठून नेहमीची कामं करायची.

तिने फोटो दाखवले तेव्हा वीस मिनिटांवर दोन्ही डोळे सारखेच उतरले होते. पॅचच्या बाजूची त्वचा जास्त चकचकीत होती आणि बारीक सुरकुत्या कमी दिसत होत्या. ते काम ग्लिसरिनचं, आणि ते तीन तासांच्या फोटोतही थोडं टिकलं होतं. काही न लावलेल्या दिवशी सूज वीस मिनिटांवर तशीच होती, पण तासाभराने बरीच गेली होती. थोडक्यात, थंडीने तिचा अर्धा-पाऊण तास वाचला. ती थंडी पॅचची असो की कापसाची.

आणि कॅफिनचं काय? ते रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून त्याचं नाव डबीवर मोठ्या अक्षरात असतं. २०११ साली थायलंडमधल्या संशोधकांनी सुजलेल्या डोळ्यांवर कॅफिनचं जेल आणि कॅफिन नसलेलं तेच जेल तपासलं. एकूण निकालात दोघांत लक्षणीय फरक निघाला नाही, आणि काम मुख्यतः जेलच्या गारव्याने होतं असा त्यांचा निष्कर्ष होता. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर शेवटचा शिक्का मारता येणार नाही. पण यादीत फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे बसलेल्या कॅफिनसाठी जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही.

लावण्याची पद्धत

डबी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये नको. तिथे जाळीतल्या पाण्याचा बर्फ होतो, जाळी फाटते, आणि वितळल्यावर पॅच पाणी सोडत लिबलिबीत होतो. एकदा तसं झालं की पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. शिवाय गोठलेलं जेल डोळ्यांखालच्या नाजूक त्वचेवर ठेवणं धोक्याचंच.

चेहरा धुऊन नीट पुसा. आधी क्रीम किंवा तेल लावू नका, पॅच घसरून ओठापर्यंत येतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. पॅच बोटाने न उचलता डबीतल्या छोट्या चमच्याने उचला, आणि तो चमचा दर वेळी धुऊन पुसा. डबीतलं द्रव म्हणजे पाणी आणि साखरेचं नातेवाईक असलेले डिंक, जंतूंना आवडणारी जागा. बोटं घालत राहिलात तर प्रिझर्व्हेटिव्ह बिचारं किती लढणार! पापणीच्या केसांपासून अर्धं बोट जागा सोडून लावा, कारण पॅच गरम झाला की द्रव वर सरकून डोळ्यात जातो.

वीस मिनिटांत काढा. कडा सुकून वळायला लागल्या तर त्याआधीच. रात्रभर ठेवल्याने गारवा वाढत नाही आणि सुकलेला पॅच ओढून काढताना त्वचा ताणली जाते. उरलेला द्रव बोटाच्या टोकाने हलकेच पसरवा आणि वर साधं मॉइश्चरायझर लावा, दिवसा असेल तर सनस्क्रीन.

नव्या डबीचा पहिला पॅच डोळ्यांखाली नको. त्याचा तुकडा कोपराच्या आतल्या बाजूला वीस मिनिटं ठेवा आणि दोन दिवस वाट बघा. अ‍ॅलर्जीची पुरळ बऱ्याचदा लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटते. यादीत सुगंध, लिमोनिन किंवा लिनालूल असेल तर हे टाळूच नका. प्राजक्ताच्या कोपरावर काही आलं नाही, तरी मेंथिल लॅक्टेटमुळे डोळे चुरचुरले. ती आता बिनवासाची, मेंथॉल नसलेली डबी शोधते.

खरेदी करताना

राम मारुती रोडवरचं दुकान असो, वाशीच्या सेक्टर १७ मधलं असो की फोनवरची ऑर्डर, आयात केलेल्या डबीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक बघा. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे परदेशी माल नोंदणीशिवाय विकता येत नाही. नुसतं कोरियन अक्षरांचं खोकं आणि वर काहीच स्टिकर नाही, असं असेल तर ठेवून द्या. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ६एम किंवा १२एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून सहा किंवा बारा महिने. झाकणावर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा. द्रव गढूळ झाला, वास बदलला किंवा पॅचवर ठिपके दिसले तर मुदत उरली असली तरी डबी टाका.

काळ्या वर्तुळांसाठी घेत असाल तर आधी आरशासमोर एक बघा. त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणा. रंग तसाच राहिला तर तो त्वचेतलाच रंग आहे, आपल्याकडे हा प्रकार खूप दिसतो आणि पॅचने तो जात नाही. चेहऱ्याखाली पांढरा कागद धरल्यावर काळेपणा कमी झाला, तर ती खळग्याची सावली आहे. तिलाही पॅचचा उपयोग नाही.

सूज एकाच डोळ्याला आली, लाल होऊन दुखायला लागली किंवा दिसण्यात फरक पडला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रोज सकाळी दोन्ही डोळ्यांसोबत पायही सुजत असतील, तर पॅच बाजूला ठेवून फॅमिली डॉक्टरांना दाखवा आणि लघवीची, मूत्रपिंडाची व थायरॉइडची तपासणी लागेल का ते विचारा.